रेघेपर्यंत पाणी

शाळेतल्या एकोणतीस खिडक्यांपैकी कुठली कशी वागते, हे किल्लीमावशीला तोंडपाठ होतं. वाचनालयाची दुसरी खिडकी उघडताना कण्हते, शिक्षकखोलीतली वाऱ्याने आपोआप लागते, आणि पहिलीच्या वर्गातली मोठी खिडकी सगळ्यांत गुणी. तिच्यावर सकाळी साडेआठपासून दुपारी दीडपर्यंत ऊन असतं आणि तिची कडी एका बोटाने निघते.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, म्हणून ती किल्लीमावशी. बावीस वर्षांपूर्वी रुजू झाली तेव्हा पहिलीतल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते टिकलं. ठेवणारा आता कुठेतरी इंजिनीअर आहे म्हणे. मुलांना ती जुडग्याच्या आवाजावरून ओळखू यायची. वर्गात बाई नसताना बाकांवर उड्या मारणारी मुलं जुडगा वाजला की जागेवर बसायची, खरं तर मावशीने आजवर कुणाची तक्रार केलेली नव्हती. "तक्रार करायला वेळ कुणाला आहे?" असं ती म्हणायची. "तेवढ्यात दोन काचा पुसून होतात."

काचा पुसणं हा तिचा मानाचा विषय होता. मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर. पाण्यात चमचाभर व्हिनेगर, आधी ओलं फडकं, मग कोरडं, शेवटी जुना वर्तमानपत्राचा कागद. काच आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये, ही तिची कसोटी. एकदा एक कबुतर पहिलीच्या खिडकीवर येऊन आपटलं तेव्हा तिला त्याची दया आली, पण आतून जरा बरंही वाटलं.

त्या वर्षी तिला अठ्ठावन्न पूर्ण होत होती. नियमाने घरी बसायचं वय. मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, लिहून दिलं तर दोन वर्षं वाढून मिळत. ते पत्र महिनाअखेरीला जायचं होतं. मोठ्या बाई मोजकं बोलणाऱ्या. "बघू," एवढंच म्हणाल्या होत्या. मावशीला घरी बसायचं नव्हतं. घरी बसून करायचं काय, तर नवऱ्याशी भांडायचं, आणि ते तर संध्याकाळी सातनंतरही होतच होतं.

पहिलीला त्या वर्षी नव्या बाई आल्या होत्या. सव्वीस वर्षांच्या, उत्साही, खांद्याला कायम एक कापडी पिशवी आणि तिच्यात जगातलं सगळं. एका सोमवारी त्यांनी त्यातून झिपची एक जाड, पारदर्शक पिशवी काढली. मार्करने तिच्यावर वर सूर्य काढला, दोन ढग काढले. आत अर्धा कप पाणी ओतलं, त्यात निळ्या रंगाचे चार थेंब टाकले, झिप दोनदा दाबून बंद केली, आणि पाणी जिथवर आलं होतं तिथे काळी रेघ मारली. मग चिकटपट्टीने पिशवी त्या गुणी खिडकीवर आतून चिकटवली.

मावशी फळा पुसायला आली होती. दाराशी थांबून बघत राहिली.

"हे काय बाई, समुद्र टांगलात?"

"समुद्रच आहे, मावशी. ऊन लागलं की पाण्याची वाफ होणार, वाफ वर जाऊन गार प्लास्टिकवर थेंब होणार, थेंब मोठे झाले की खाली ओघळणार. ढग, पाऊस, पुन्हा समुद्र. सगळं बंद पिशवीत. मुलं रोज सकाळी दहाला जे दिसेल त्याचं चित्र काढणार. आजपासून दहा दिवस. पालक येतील त्या शनिवारी सगळी चित्रं भिंतीवर." मग त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "पिशवीला कुणी हात लावायचा नाही. फक्त डोळे लावायचे. जे दिसतं तेच काढायचं, जे वाटतं ते नाही."

बत्तीस मुलांनी "हो" म्हटलं. मावशीनेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पिशवीच्या वरच्या भागात बारीक थेंब जमले होते, सुईच्या टोकाएवढे. साडेअकराला त्यातले काही एकमेकांना भेटून जाड झाले आणि एक ओघळला. वर्गात आरोळी उठली. हनुवटीवर तीळ असलेली एक मुलगी होती, तिला सगळे ठिपकी म्हणत. ती कमी बोलायची, आणि बोलली की प्रश्नच विचारायची.

"बाई, खालचं पाणी निळं आहे. वरचे थेंब निळे का नाहीत?"

नव्या बाईंचा चेहरा खुलला. "शाबास! कारण वाफ फक्त पाण्याची होते. रंग वर जात नाही, तो खालीच राहतो. म्हणून पाऊस निळा पडत नाही."

मावशी तेव्हा पाण्याची बाटली भरून आणून ठेवत होती. मनात म्हणाली, आमच्या भाताच्या झाकणाला नाही का थेंब धरत? ते काय भातासारखे पांढरे असतात? पण असं म्हणण्याची ती वेळ नव्हती.

त्याच दिवशी, मंगळवारी, शाळा सुटल्यावर ती फडकं आणि बादली घेऊन पहिलीच्या वर्गात शिरली. खिडकी पुसली. आणि लख्ख काचेच्या मधोमध ती पिशवी. पिशवीच्या मागे काचेवर कुणाच्यातरी बोटांचे पाच तेलकट ठसे. पलीकडून ऊन आलं की नेमके तेच चमकणार. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं झालं तिला. हात लावायचा नाही हे तिने ऐकलं होतं, पण हात पिशवीला थोडाच लावायचा होता? काचेला लावायचा होता. वरच्या दोन पट्ट्या हळूच सोडवायच्या, पिशवी खालच्या पट्ट्यांवर लवू द्यायची, मागून फडकं फिरवायचं, पुन्हा चिकटवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पट्ट्या सुटल्या. पिशवी लवली, खालच्या पट्ट्यांना भार पेलला नाही, आणि ती उलटी होऊन तिच्या मनगटावर आपटली. झिपचा एक कोपरा उघडला. निळं पाणी भिंतीवरून, तिच्या चपलेवरून फरशीवर.

तिने पिशवी झटकन सरळ केली. जेमतेम निम्मं पाणी उरलं होतं. वर्गात कुणी नव्हतं. बावीस वर्षांत तिच्या हातून ना काच फुटली होती, ना कुंडी. तिने आधी फरशी पुसली, मग भिंत. मग बाटलीतलं पाणी घेऊन स्टुलावर बसली आणि पिशवीत बारीक धारेने ओतू लागली. रेघेला एक केस कमी, मग रेघेला टेकलं, मग थांबली. नजर पक्की होती तिची. झिप दोनदा दाबली, उलटं धरून पाहिलं, एक थेंब गळला नाही. नव्या पट्ट्या लावून पिशवी होती तिथेच, होती तशीच चिकटवली. जरा लांब जाऊन पाहिलं. पाणी रेघेवर होतं. निळेपणा किंचित उतरल्यासारखा वाटला, पण ऊन गेल्यावर सगळेच रंग निराळे दिसतात. काचेवरचे ठसे तेवढे गेले होते.

घरी नवऱ्याने फडक्याकडे बोट दाखवलं. नवरा निवृत्त शिंपी. डोळे अधू झाले तरी डाग त्याला सगळ्यांत आधी दिसायचा.

"अगं, शाई सांडली का शाळेत?"

"सांडली."

"कुणी?"

"सांडणाऱ्याने," ती म्हणाली आणि फडकं साबणात बुडवून ठेवलं. निळा डाग फिका झाला, गेला नाही.

बुधवारी दहा वाजता मुलांनी चित्रं काढली. मावशी मागच्या बाजूला कागदाचे कपटे वेचत होती. नव्या बाई बाकांमधून फिरत होत्या. "छान. थेंब मोजलेत का? छान." ठिपकीच्या बाकाशी त्या थांबल्या.

"हे काय? पाणी असं फिकं का रंगवलंस? खडू दाबून रंगव."

"दाबला होता काल. आज पाणीच फिकं आहे."

नव्या बाईंनी खिडकीकडे पाहिलं. पिशवीतून ऊन आरपार येत होतं, त्या उन्हात निळं काय आणि फिकं काय. त्या खाली बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हे मावशीनेही मनात नोंदवलं.

"हे बघ. काल तूच विचारलंस ना? रंग वर जात नाही. मग खालच्या पाण्यातला रंग कमी कसा होईल? पाणी थोडं वर गेलं, म्हणजे झालंच तर जरा गडद होईल. फिकं होणारच नाही. हो की नाही?"

ठिपकीने विचार केला. "हो."

"मग?"

"पण फिकं आहे."

शेजारचा दात पडलेला मुलगा खिदळला. "हिचा खडू संपत आलाय, म्हणून कंजूसपणा करतेय!"

सगळे हसले. ठिपकीने दुसरा कागद घेतला आणि कालच्यासारखं गडद निळं पाणी काढलं. पहिला कागद टोपलीत गेला.

मावशीचा हात कपट्यांवर थांबला होता. बाईंचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं. बंद पिशवीत पाणी फिकं होऊच शकत नाही. ते फिकं झालं होतं, कारण पिशवी बंद राहिली नव्हती. आणि हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, एकीला कारणासकट आणि दुसरीला नुसत्या डोळ्यांनी.

संध्याकाळी टोपली रिकामी करताना तिने तो कागद बाहेर काढला, मांडीवर ठेवून सुरकुत्या मोडल्या आणि झाडू ठेवायच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवला. का ठेवला, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

गुरुवारीही तेच. ठिपकीने पुन्हा फिकं काढलं, पुन्हा दुसरा कागद. या वेळी बाईंच्या आवाजाला जराशी धार होती. "आपण जे दिसतं ते काढतो, उगीच वेगळं काढायचं म्हणून काढत नाही." दुसरा कागदही कपाटात गेला.

शुक्रवारी मावशी मुद्दाम दहाला वर्गात गेली. ठिपकी खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिने एकदाही मान वळवली नाही. तिने गडद निळं पाणी काढलं, बारा थेंब काढले, सूर्य काढला. त्या दिवशी आकाश भरून आलं होतं, काच गार होती आणि वरच्या भागात थेंब नव्हते, नुसता धुरकट ओलावा होता. तरी बाराच्या बारा थेंब तिच्या कागदावर होते. नव्या बाईंनी चित्र उचललं, "वा, आता जमलं," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दाताच्या मुलाने चित्रात थेंब न काढता राखाडी खडू फिरवला होता. त्यालाही "वा" मिळालं.

त्या संध्याकाळी जेवताना मावशीचं ताटाकडे लक्ष नव्हतं. नवऱ्याने दोनदा मीठ मागितलं आणि शेवटी उठून स्वतःच घेतलं.

"काय सांडलंय ते सांग आता," तो म्हणाला.

तिने सांगितलं. सगळं, पट्ट्यांपासून कपाटापर्यंत. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "रेघेपर्यंत बरोब्बर भरलंस?"

"केसभर फरक नाही."

"तू ना, मापात चुकायची नाहीस. आणि रंग?"

"रंगाकडे माझं लक्षच नव्हतं. पाणी ते पाणी, म्हटलं."

"मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला असंच केलं होतं. आतून कापड फाटलं, मी वरून छान ठिगळ दिलं. माप तंतोतंत. पहिल्या धुण्यात ठिगळ विटलं, कोट नाही विटला. मग गावभर कोट घालून फिरला तो."

"तुमच्या कोटावर कुणाची नोकरी नव्हती अडकली."

"दुकान अडकलं होतं. ते बरं होतं का?" त्याने ताट सरकवलं. "पत्र कधी जायचंय?"

"गुरुवारी."

"मग शुक्रवारी सांग. चार दिवसांनी काय बिघडतं?"

तो चेष्टा करत होता की सल्ला देत होता, हे तिला कळलं नाही. शनिवार-रविवार ती त्यावर विचार करत राहिली. शुक्रवारी सांगितलं तर शनिवारी पालक येणार. भिंतीवर दहा दिवसांची चित्रं, त्यात ठिपकीची आठ दिसलेलं सोडून काढलेली. आणि तोवर त्या पोरीला पाठ करून बसायची सवय झालेली असेल. सवय लागायला चार दिवस पुष्कळ होतात, हे मावशीने बावीस वर्षांत पाहिलं होतं.

सोमवारी दहाला पाच कमी असताना जुडगा पहिलीच्या दाराशी वाजला. मुलं सवयीने सावरून बसली. मावशी आत आली. हातात बादली नव्हती, दोन चुरगळलेले कागद होते.

"बाई, एक सांगायचं होतं. सगळ्यांसमोरच सांगते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही."

नव्या बाईंनी खडू खाली ठेवला.

"मंगळवारी काच पुसताना मी पिशवी सोडवली. ती उलटली. निम्मं पाणी सांडलं. मी साधं पाणी रेघेपर्यंत भरून पुन्हा लावली. या पोरीचं चित्र बरोबर होतं. बुधवारपासून पाणी फिकंच आहे."

सगळ्या माना आधी पिशवीकडे वळल्या, मग मावशीकडे.

"मावशी, तुम्ही पिशवीला हात लावलात?" दाताचा मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात धक्का होता आणि थोडा आनंदही.

"लावला."

"बाईंनी नाही म्हटलं होतं!"

"म्हटलं होतं. तुझ्याइतकंच नीट ऐकलं होतं मी."

नव्या बाई पुढे आल्या. त्यांनी मावशीच्या हातून कागद घेतले. मग कपाटातून सगळ्यांचा गठ्ठा काढला आणि ठिपकीचं मंगळवारचं चित्र शोधून त्या दोन कागदांशेजारी टेबलावर मांडलं. मंगळवार गडद. बुधवार फिका. गुरुवार फिका, नेमका तेवढाच. मग त्यांनी बरणीत पाणी घेतलं, चार थेंब रंग टाकला आणि बरणी पिशवीशेजारी धरली. अंदाजानेच, पण फरक मागच्या बाकावरूनही दिसत होता.

त्यांचे कान लाल झाले होते. त्या ठिपकीच्या बाकापाशी गेल्या.

"मी पिशवीकडे बघत होते," त्या म्हणाल्या, "पण मला जे माहीत होतं तेच दिसत होतं. चूक माझी. तू बरोबर पाहिलंस."

ठिपकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग मावशीकडे वळली.

"किती सांडलं होतं?"

"निम्मं. चपलेतसुद्धा गेलं."

"चप्पल निळी झाली?"

"एक."

ठिपकीने मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग बाकावर वळून खिडकीकडे तोंड केलं आणि खोक्यातून फिका निळा खडू शोधू लागली.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. बातमी पोचली होती. बत्तीस मुलं आणि एक मधली सुट्टी म्हटल्यावर न पोचून कुठे जाईल? मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बावीस वर्षांतली पहिली चूक?"

"पहिली कबूल केलेली," मावशी म्हणाली.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "सांडण्याचं मला काही नाही. सांडतं. सहा दिवस झाकून ठेवलंत, ते मला आवडलं नाही."

"मलाही नाही आवडलं."

"हं. या."

गुरुवारी पत्र गेलं. त्यात दोनऐवजी एक वर्ष लिहिलेलं होतं. मोठ्या बाईंनी ते तिला वाचून दाखवलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं म्हणाल्या. मावशीने घरी जाऊन सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे अर्धं सांडलं, अर्धं राहिलं." तिने त्याला मीठ स्वतःहून दिलं.

शनिवारी पालक आले. भिंतीवर तीनशेवीस चित्रं होती. ठिपकीच्या रांगेत बुधवार आणि गुरुवारचे कागद सुरकुतलेले होते आणि शुक्रवारच्या चित्राखाली नव्या बाईंनी तिलाच लिहायला लावलं होतं: 'हे मी न बघता काढलं.' बाकी एकतीस रांगांमध्ये पहिला आठवडाभर पाणी सारखंच गडद होतं. पालक ठिपकीच्या रांगेसमोर थांबत, हसत, मग जवळ जाऊन पुन्हा बघत. मावशी पाण्याचे पेले फिरवत होती. कुणी तिला काही विचारलं नाही.

पिशवी पुढे महिनाभर खिडकीवर राहिली. सकाळी थेंब धरायचे, दुपारी ओघळायचे, ढगाळ दिवशी नुसतं धुकं व्हायचं, आणि पाणी रेघेच्या आसपासच राहायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी मावशी काच पुसायची, पण पिशवीच्या चारही बाजूंना चार बोटं सोडून. लख्ख काचेत तो मळका चौकोन तिला रोज दिसायचा. ती तिकडे बघायची आणि पुढच्या खिडकीकडे जायची.

शेवटी एका दुपारी नव्या बाईंनी पिशवी उतरवली. त्या मावशीला म्हणाल्या, "घ्या, आता पुसा मनसोक्त." मावशीने फडकं घेतलं, त्याच्या कोपऱ्यात अजून निळसर डाग होता. तिने चौकोनावर ओलं फिरवलं, कोरडं फिरवलं, कागद फिरवला. मागे सरकून पाहिलं. समाधान झालं.

दप्तर भरता भरता ठिपकी शेजारी येऊन उभी राहिली. तिने काचेकडे बराच वेळ पाहिलं.

"मावशी, आता इथे जास्त स्वच्छ आहे. बाकीची काच मळकी दिसतेय."

मावशीने निरखून पाहिलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. बादलीत फडकं बुडवलं आणि खिडकी वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा पुसायला घेतली.